मी रागापायी आले

कलबुर्गीजवळच्या आळंद गावात, एका हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जण सतरंजीवर गोल बसलो होतो. बरे न होणारे, घरीच अंथरुणाला खिळलेले आजारी असतात, त्यांच्या भेटी घेणारी ही संस्था. आम्ही नवे स्वयंसेवक. माहिती देणाऱ्या बाई सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स; सगळे त्यांना सिस्टर म्हणत.

"नाव, गाव आणि इथं कामून आलाव ते सांगा," त्या म्हणाल्या. "खरं सांगा. चांगलं दिसावं म्हणून न्हाई."

कडगंचीच्या विद्यापीठात शिकणारी एक मुलगी समाजाचं देणं फेडायला आली होती. आडतीचं दुकान असलेले एक अप्पा पुण्य कमवायला आले होते. प्रत्येकाला टाळ्या मिळाल्या. मग माझी पाळी आली.

"मी निंबर्ग्याची," मी म्हणाले. "मला सेवेची आवड-बिवड काही न्हाई. मी रागापायी आलेय."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

मग मी सगळं सांगितलं. माझी थोरली बहीण, अक्का, शिवणकाम करायची. तिला तोंडाचा कॅन्सर झाला. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. गाल सुजून फुटला होता, वास यायचा. अक्का पदरानं अर्धा चेहरा झाकूनच असायची, माझ्यासमोरसुद्धा. एका दुपारी दुसऱ्याच कुठल्यातरी मंडळाचे लोक चादर आणि सफरचंदं घेऊन आले. अक्काला पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागायचं, आणि ह्यांनी सफरचंदं आणली! दुखतंय का, झोप लागते का, कुणी काही विचारलं नाही. एकानं मोबाईल काढला. "अक्का, पदर जरा खाली घ्या, चेहरा दिसंना."

मी पाणी आणायला आत गेले होते. बाहेर आले तोवर फोटो निघाला होता.

संध्याकाळी तो गावातल्या सगळ्या मोबाईलवर होता. जिच्याकडं बाया ब्लाऊज शिवायला यायच्या, तिचा फुटलेला गाल त्या बायांनी बघितला. अक्का त्यानंतर अंगणात आली नाही. सकाळचं ऊनसुद्धा तिनं सोडलं. गेल्या दिवाळीच्या तोंडावर ती गेली.

"असे लोक पुन्हा कुणाच्या घरात शिरले तर त्यांच्या आधी मी तिथं असावं," मी म्हणाले. "म्हणून आलेय."

अप्पांना राहवलं नाही. "पण बाई, फोटो न्हाई दाखवला तर देणगी कोण देतंय? त्यांनी वाईट म्हणून केलं न्हाई."

"तुमच्या घरातल्या बाईचा पदर उतरवून दाखवा की मग!" माझा आवाज चढला होता. "गरिबाच्या घरी आलं की लाज दारातच ठेवायची, असं हाय काय?"

सिस्टरांनी मला गप्प बसवलं नाही आणि अप्पांनाही बोलू दिलं नाही. त्या नियम सांगू लागल्या. भेटीला दोघांनी जायचं. आत गेल्यावर मोबाईल पिशवीतच. फोटो हवाच असला तर आजाऱ्याला त्याच्या भाषेत विचारायचं, कशासाठी ते सांगायचं. घरच्यांनी हो म्हटलेलं चालत नाही. नाही म्हणाला म्हणून त्याची भेट किंवा औषध थांबणार नाही, हेही त्याला आधीच सांगायचं. औषध बदलायचं काम नर्सचं, आपण फक्त बघून कळवायचं. घरात ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. अप्पा मान खाली घालून ऐकत होते.

चहाच्या वेळी सिस्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "तू खरं बोललीस, बरं झालं. पण आजाऱ्याच्या घरी तुला एवढ्यात पाठवता येत न्हाई. घरचं माणूस गेल्यावर वरीसभर आम्ही कुणालाच पाठवत न्हाई."

मला खरंच वाटेना. "म्हणजे पुण्य कमवायला आलेले जाणार, आणि मी बसून राहणार?"

"अप्पाचीबी आधी माझ्यासोबत चार-दोन भेटी होतील. मग बघू." त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला. "तसाच गाल समोर आला, तर तू कुणाकडं बघशील? त्या बाईकडं, का तुझ्या अक्काकडं?"

मला राग आणखीच आला. चहा तसाच ठेवून मी बसस्टँडवर आले. निंबर्ग्याची गाडी लागली होती, तिच्यात बसलेसुद्धा. मग उतरले. घरी जाऊन करणार काय होते?

परत गेले, तेव्हा सिस्टरांनी मला सामानाच्या खोलीत कामाला लावलं. पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या, वॉकर. लोक नेतात, माणूस गेल्यावर परत आणून देतात. मी गाद्या जंतुनाशकानं पुसते, कुठं हवा जाते का बघते. नेणाऱ्याला शिकवते: गादी असली तरी आजाऱ्याला कुशीवर वळवत राहायचं, पाठ रोज बघायची, लाल झाली तर लगेच फोन करायचा.

परवा मुडबीची एक सून सासूसाठी गादी न्यायला आली. सगळं ऐकून घेतल्यावर हळूच म्हणाली, "त्यांच्या जखमेला वास यायलाय. घरात कुणी जवळ बसंना."

वासावर औषध असतं, नर्स येऊन जखम धुऊन ते लावेल, असं मी तिला सांगितलं. अक्काच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ती सून गादी घेऊन गेल्यावर मी बराच वेळ एकच गादी पुसत बसले. मग सिस्टरांना फोन लावला आणि मुडबीला आजच जा म्हणाले, जरा जास्तच जोरात.