एकोणीस मिनिटं की अडतीस तास

दिपमाला पाटील जळगावच्या एका कंपनीत सायबर सुरक्षेचं काम बघते. महिन्याचा अहवाल चार वाजता साहेबांपुढे जायचा होता. घुसखोरी झाल्यापासून ती ओळखेपर्यंत सरासरी किती वेळ गेला आणि ओळखल्यावर रोखायला किती, हे दोनच आकडे साहेब बघतात.

अकरा घटना वीस-वीस मिनिटांत ओळखल्या होत्या. बाराव्या घटनेपाशी तिचा हात अडला. घुसखोर तीन तारखेला शिरला होता. दहा मिनिटांत इशारा आला, पण तो खोटा समजून बंद केला गेला. घुसखोर सापडला थेट बावीस तारखेला. इशारा बंद करणाऱ्याचं नाव नोंदीत होतं. ते तिला वाचायची गरज नव्हती.

"ताई, इशाऱ्याचीच वेळ धरा ना," शेजारचा मनन कुजबुजला. "सरासरी एकोणीस मिनिटं येते."

"इशारा यंत्राने दिला रे! ओळखलं कुणी?" ती खेकसली आणि तिने बावीस तारीख घातली. सरासरी अडतीस तासांवर गेली.

चार वाजता साहेबांनी आकडा बघून चष्मा काढला. "हा इशारा बंद कोणी केला?"

मनन खाली बघू लागला. दिपमाला उभी राहिली.

"मी केला, साहेब. नोंदीत माझंच नाव आहे."