हात जोडलेली पोस्ट

माझी नोकरी गेली तेव्हा मी रडले नाही. पण माझी पोस्ट रडली, आणि तिने माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांना रडवलं.

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत होते. आम्ही गाड्यांचे ब्रॅकेट बनवायचो. मालकांनी आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि निरोपाला प्रत्येकाच्या हातात एक स्टीलचा डबा दिला. डबा घेऊन आकुर्डीला घरी आले, तर नवरा आणि सासूबाई सांत्वनाला तयारच बसलेले. पाठोपाठ नणंदेचा फोन. तिचं वाकडला ब्युटी पार्लर आहे. "वहिनी, टेन्शन घेऊ नका. महिनाभर बघा. नाहीच जमलं तर एक तारखेपासून माझ्या काउंटरला बसा."

नणंद मनाने मोठी आहे. भीती मला माझीच होती. डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे म्हणून मी पहिल्याच गिऱ्हाइकाला आत परत पाठवलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला माझंच काम हवं होतं. तेलाचा वास, हातात मापं घ्यायचं गेज आणि समोर भांडायला कुणीतरी.

म्हणून नोकरीच्या ॲपवर पोस्ट टाकायचं ठरलं. ती लिहायला सगळं घर बसलं. "जड अंतःकरणाने कळवते की" अशी सुरुवात मी केली. नवऱ्याने भर घातली, "कोणतंही काम करायला तयार, पगाराची अट नाही." त्याच्या मते ताठ माणसाला कोणी घेत नाही. सासूबाईंनी सांगितलं, "लेकरं लहान हायेत, हे टाक."

"आई, एकच आहे आणि तो बारावीला आहे. दारातून आत येताना वाकतो."

"मला लहानच हाय की! तू टाक."

टाकलं. शेवटी "प्लीज, एक संधी द्या" आणि जोडलेल्या हातांची अख्खी रांग. मग नवऱ्याने माझ्या फोटोभोवती ती हिरवी पट्टी लावली, काम शोधतेय असं सांगणारी. ॲपने विचारलं, कोणत्या पदासाठी? त्याने मॅनेजर, शिक्षिका आणि रिसेप्शनिस्ट भरलं. म्हणाला, पर्याय मोकळे ठेवावेत.

पोस्ट धो धो चालली. लोकांनी हात जोडले, "खचू नका" लिहिलं, पोस्ट पसरावी म्हणून "रीचसाठी कमेंट" असं लिहून पुढे गेले. एका विमा एजंटने माझ्या भविष्याची काळजी वाहिली. लातूरकडच्या एका मावसदिरांनी गोल हिरव्या पट्टीतला फोटो, वर "जड अंतःकरणाने" आणि खाली जोडलेले हात एवढंच पाहिलं आणि "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून मोकळे झाले. त्यानंतर तासभर सासूबाई फोनवर सांगत होत्या, "न्हाई हो, जित्ती हाय! इथंच बसून च्या पियायलीय."

शेजारच्या काकू खिचडी घेऊन आल्या. कामासाठी मात्र एकाच रिक्रूटर मुलीचा मेसेज आला, "मॅडम, नक्की कोणती जागा हवी आहे?" मी अंघोळीला गेले होते. नवऱ्याने माझ्या फोनवरून उत्तर दिलं, "कोणतीही." त्यानंतर ती मुलगी गप्पच झाली. मी नवऱ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

आणि मग त्या साहेबांचा फोन आला.

हे साहेब आमचे ब्रॅकेट घेणाऱ्या गाड्यांच्या कंपनीत होते. आमचा पार्ट त्यांच्याकडे बसला नाही की ते तक्रार पाठवायचे. मग मी अहवाल लिहायचा: काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं, पुरावा काय. तो अहवाल ते परत पाठवायचे. इतकी वर्षं त्यांनी दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

"मॅडम, पोस्ट वाचली," साहेब म्हणाले. "रिजेक्ट."

"साहेब, ती पोस्ट आहे, रिपोर्ट नाही."

"तुम्ही मला कधी लिहिलंत का, की प्लीज ब्रॅकेट घ्या, लेकरं लहान आहेत?"

मी ती पोस्ट पुन्हा उघडून पाहिली.

"पार्ट कोणता, कुठे बसतो, तपासला कसा. एवढं लिहा. रिसबमिट."

मला असा संताप आला की मी ताबडतोब लिहायला बसले. नवऱ्याला आणि सासूबाईंना स्वयंपाकघरात पाठवलं. "मेहनती, प्रामाणिक सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, टीम प्लेअर" असं काहीतरी लिहून साहेबांना पाठवलं. तेही परत आलं.

"मेहनती? कुठल्या गेजने मोजलंत?" फोनवर साहेब रंगात आले होते. "काढा. आणि पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. तिथे पद, गाव आणि कधी रुजू होणार ते पाहिजे. तुमच्या नावाखाली 'संधीच्या शोधात' लिहिलंय. शोधणारा माणूस पदाचं नाव टाकून शोधतो, मॅडम. 'संधी' टाकून कोण शोधतं? आणि तुम्ही शिक्षिका कधी झालात?"

सगळं बदललं. पहिली ओळ: सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची जागा हवी आहे, चाकण, भोसरी किंवा तळेगाव, लगेच रुजू होऊ शकते. पुढे मला काय येतं ते: प्रेस आणि वेल्डिंगचे पार्ट, नव्या पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं, पुरवठादारांचं ऑडिट, तक्रारीचं मूळ कारण शोधणं. शेवटी, "तुमच्या प्लांटमध्ये अशी जागा असेल तर मेसेज करा." हात एकही जोडलेला नाही.

"पुरावा?" साहेब म्हणाले. "ती भोकांची केस टाका."

माझं डोकंच फिरलं. झालं होतं असं, की आमच्या ब्रॅकेटची भोकं जुळत नाहीत म्हणून त्यांनी लॉटच्या लॉट परत पाठवला होता. मी त्यांच्या लाइनवर उभं राहून मापं घेतली आणि दाखवून दिलं की ब्रॅकेट बरोबर आहे, त्यांच्याच फिक्स्चरची, म्हणजे पार्ट धरून ठेवणाऱ्या साच्याची, पिन झिजली आहे. साहेबांनी माझा अहवाल पुन्हा पुन्हा परत पाठवला आणि एक दिवस "क्लोज्ड" एवढंच लिहून विषय मिटवला. चूक कोणाची, त्यावर अवाक्षर नाही.

"ती केस तुम्ही तोंडातून शब्द न काढता बंद केलीत, साहेब!" मी ओरडलेच. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

साहेब म्हणाले, "टाका. कंपनीचं नाव नको, ड्रॉइंग नको. रिसबमिट."

टाकली. या वेळी कमेंट बोटावर मोजण्याइतक्या आल्या. सासूबाईंचा जीव खालीवर. "कुणीच रडलं न्हाई गं. आधीची लई चांगली होती." खिचडीही बंद झाली. एक तारीख जवळ येत चालली आणि नणंदेने माझ्या मापाचा गुलाबी एप्रन शिवायला टाकला.

पण त्या आठवड्यात चाकणच्या एका प्लांटमधून मेसेज आला: "पिन झिजली हे कशावरून ठरवलंत?" हा मला आलेला सगळ्यात सुंदर मेसेज आहे, आणि हे मी लग्न झालेली बाई असून म्हणते. मुलाखतीत त्यांनी कागद पुढे सरकवला, मी त्यावर फिक्स्चरचं चित्र काढून दाखवलं आणि सगळे त्यावरच भांडत बसलो. एप्रनचे पैसे शेवटी मीच नणंदेला दिले.

नोकरीचं पत्र आल्यावर हिरवी पट्टी काढायला ॲप उघडलं. पोस्टखाली एक नवी कमेंट होती, साहेबांची.

"ती पिन आमची होती. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं."

मी सोफ्यावर बसले आणि ढसाढसा रडले. सासूबाई धावत आल्या. माझ्या हातातला फोन त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"आता कशी," त्या म्हणाल्या, "पोस्ट झाली."