दोन पानांची कॉफी

माझी पत्नी मंगळवारी सकाळी गेली. त्या दिवशी घरात कॉफी झाली नाही.

त्यानंतरही झाली नाही. मी चहा पिणारा माणूस. कॉफी तिची होती. ती उमरग्याची, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आजोळ कलबुर्गीकडचं, त्यामुळे कॉफी तिला लहानपणापासून ठाऊक. लग्न होऊन धाराशिवला आली तेव्हा माझ्या घरात कॉफी म्हणजे बाटलीतली पावडर, पाहुणा आजारी असेल तर करायची. तिनं ती एकदाच चाखली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो, म्हणून म्हणाली, "हे म्हणजे पुस्तक सोडून गाईड वाचल्यासारखं झालं."

आम्हाला मूलबाळ नव्हतं. सुट्टी मिळाली की आम्ही बालाघाटाच्या डोंगरात जायचो. येडशीच्या पुढं एका ओळखीच्या शेतकऱ्याचा माळ आहे. त्याच्या वरच्या टोकाला कडा, आणि कड्याच्या अलीकडे एक रुंद, सपाट कातळ. तिथं छोटा तंबू लावायचा, रात्र काढायची, सकाळी उतरायचं. सामान पाठीवरच न्यायचं असल्यामुळे ती फार मोजकं घेई. झाकणाचं एक पातेलं, दोन स्टीलचे मग, एक चमचा, एक पांढरा सुती रुमाल आणि गॅसची मुठीएवढी शेगडी. वाळलेल्या गवतात चूल पेटवायची नाही हा तिचा नियम होता. कॉफी कलबुर्गीहून यायची, दुकानातूनच जाडसर दळून, चिकोरी न घालता. दळण्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते हातानं फिरवायचं एक घ्यावं असं तिच्या मनात होतं. म्हणून शेवटच्या खेपेला तिनं शंभर ग्रॅम भाजलेल्या बिया न दळता आणल्या. यंत्र आणायचं राहिलं. पाकीट तसंच बंद राहिलं, धान्याच्या डब्यांमागे.

दहा महिन्यांनी, मार्गशीर्षात, तिच्या वडिलांचा फोन आला. त्यांना मीही तिच्यासारखंच अप्पा म्हणतो. वय सत्त्याहत्तर. जन्मभर धान्याचा व्यापार केला, आता पोरं बघतात. आधी माझ्या जेवणाची चौकशी केली. मग थोडं थांबून म्हणाले, "जावईबापू, ती डोंगरावर कॉफी करायची न्हवं?"

"हो."

"मला तीनदा म्हणली, अप्पा चला. म्या म्हणलो, कॉफी प्यायला डोंगर कशाला चढायचा? घरात काय गॅस न्हाय?" मग म्हणाले, "आता तुम्ही न्या. एकदा. तिच्या हातची मिळायची न्हाय, ते कळतंय मला. पन ती काय पाजणार होती, ते तरी कळू द्या."

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर पाकीट काढलं आणि मला कळलं की ही कॉफी कशी करतात ते मला माहीत नाही. वीस वर्षं ती कातळावर बसून कॉफी करत होती आणि मी शेजारी, वाऱ्याकडे पाठ करून, वाचत होतो.

घरी एकदा करून बघावी म्हणून मी निम्म्या बिया खलबत्त्यात घातल्या. कुटताना वास छान आला. कॉफी केली तर तिला लसणाचा वास. आमचा खलबत्ता शेंगाच्या चटणीचा. दगडात मुरलेला लसूण धुऊन जात नाही, हे तिला विचारलं असतं तर तिनं हसत सांगितलं असतं. मिक्सर उघडून पाहिला. त्याच्या झाकणाच्या रबराला काळ्या मसाल्याचा वास होता. उरलेल्या निम्म्या बिया मी तशाच अख्ख्या बांधून घेतल्या.

अप्पा एसटीनं आले. धोतर, वर स्वेटर, गळ्यात इष्टलिंग, हातात काठी. माळाच्या पायथ्यापर्यंत रिक्षा गेली. पुढची चढण आम्ही हळूहळू, तीन ठिकाणी बसत चढलो. दोन्ही अंगांना ज्वारी पोटरीला आलेली. दूर पवनचक्क्या फिरत होत्या. अप्पा बसले की मागं वळून पिकं बघत आणि कुणाची ज्वारी कशी आहे ते सांगत.

ऊन उतरायच्या आत आम्ही कातळावर पोहोचलो. मी उरलेल्यातल्या अर्ध्या बिया रुमालात घेतल्या, रुमालाची दुहेरी घडी केली आणि वरून दगडानं ठेचल्या. बिया फुटल्या. काहींचं पीठ झालं, काही नुसत्या दुभंगल्या. पाणी ठेवलं, त्यात तो चुरा टाकला आणि चहासारखं उकळू दिलं. दोनदा वर आलं, दोनदा खाली उतरवलं. रुमालानं गाळलं.

अप्पांनी मग दोन्ही हातांत धरला. एक घोट घेतला, समोर बघत राहिले, दुसरा घेतला. सगळी प्यायले. तळाचा गाळही दाताखाली आला असणार.

"हे प्यायला बोलवत होती व्हय मला?" ते म्हणाले.

कॉफी मीही चाखली होती. ती कडू होती आणि तरीही पाणचट होती. दोन्ही एकदम कसं होतं ते मला समजत नव्हतं.

"तसं न्हाय," अप्पा सावकाश म्हणाले. "बिघडली म्हणून म्हणत न्हाय. ती अशी करत नसणार, एवढंच."

"नाही करायची अशी."

"मग कशी करायची?"

"मी बघितलं नाही, अप्पा."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. मग म्हणाले, "म्या तर आलोच न्हाय." आणि काठीनं कातळावरची माती बाजूला सारत बसले. आम्ही भाकरी आणि चटणी खाल्ली आणि लवकर झोपलो.

सकाळी मी उठलो तेव्हा अप्पा आधीच बाहेर होते. पाकीट त्यांच्या हातात होतं. त्यात आता मूठभर बिया होत्या. दोन मगांपुरत्या, त्याहून एकही जास्त नाही.

"दगडानं न्हाय," ते म्हणाले. "दगड मारला की निम्म्याचं पीठ, निम्मं आख्खं. डाळ भरडतात तसं पायजे. दाबून."

मी स्टीलची पाण्याची बाटली दिली. त्यांनी धुतलेल्या, वाळलेल्या रुमालात बिया पसरल्या, घडी घातली, सपाट कातळावर ठेवली आणि बाटली आडवी धरून पोळी लाटावी तशी अंगाचा भार देत फिरवली. बिया कडकड वाजत फुटल्या. मग रुमाल उघडला आणि म्हणाले, "ताट द्या."

ताट नव्हतं. पातेल्याचं झाकण दिलं. ते वाऱ्याकडे तोंड न करता जरा आडवे बसले, भरड झाकणावर घेतली आणि पाखडायला लागले. मनगटानं एक हलका झटका, मग घोळणं, मग झटका. बियांची पातळ सालं उडून गेली. पाठोपाठ तपकिरी धूळ. जाड तुकडे एका कडेला आले, ते त्यांनी बोटानं वेगळे केले, पुन्हा रुमालात घालून लाटले, पुन्हा पाखडले. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाचे हात, पण एक कण नको तिकडे सांडला नाही. शेवटी झाकणावर रव्यासारखी, सगळी सारख्या दाण्याची भरड उरली.

तेव्हा मला काल काय झालं ते कळलं. धुळीतला सगळा कडूपणा पाण्यात उतरला होता आणि मोठ्या तुकड्यांतून काहीच उतरलं नव्हतं. एकाच मगात दोन्ही.

"आता तुमचं काम," अप्पा म्हणाले. "पानी किती उकळायचं, किती येळ ठेवायचं, ते मला काय ठावं."

मी शेगडी कातळाच्या आडोशाला लावली. पत्नीच्या शेजारी बसून वाचताना मला काय ऐकू यायचं ते आठवायचा प्रयत्न केला. पाण्याचा खळखळाट. मग शेगडी बंद झाल्याची टिक. म्हणजे कॉफी पडायची तेव्हा खाली जाळ नसायचा. खळखळ थांबायची, थोडी शांतता, मग चमचा फिरल्याचा आवाज. मग झाकण. आणि मग बराच वेळ काही नाही. त्यानंतर ती म्हणायची, "या."

बराच वेळ म्हणजे किती?

हे आठवत बसलो असताना माझा हात आपोआप पिशवीतल्या पुस्तकाकडे गेला. सवयीनं घेतलं होतं. दहा महिन्यांत मी एकही पान वाचलेलं नव्हतं. आणि मग आठवलं. झाकणाचा आवाज आला की ती म्हणायची, "दोन पानं." मला वाटायचं ती माझ्या वाचनाची थट्टा करते. प्रत्येक खेपेला म्हणायची, आणि दोन पानं होता होता हाक यायची.

मी शेगडी बंद केली. खळखळ थांबू दिली. भरड टाकली, चमच्यानं एकदा ढवळलं, झाकण ठेवलं.

"आता?" अप्पांनी विचारलं.

"आता मी वाचतो."

"आं?"

"दोन पानं. ती तशीच मोजायची."

अप्पांनी काठी बाजूला ठेवली. "मग मोठ्यानं वाचा की," ते म्हणाले. "मलाबी कळंल किती ते."

मी मोठ्यानं वाचलं. पहिल्या चार ओळी नीट आल्या नाहीत. मग आल्या. दुसरं पान संपलं तेव्हा मी झाकण उचलून बघितलं. वर साय धरल्यासारखा जाड थर होता. आमची भरड दुकानातल्यापेक्षा थोडी जाडच होती. मी तिसरं पानही वाचलं. मग चमच्यानं थर मोडला, बाटलीतल्या गार पाण्याचे थोडे थेंब वरून शिंपडले, तेवढं तिचं मी कधीतरी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि गाळ बसेपर्यंत थांबलो. रुमाल वापरला नाही. पातेलं अगदी सावकाश तिरपं करून दोन मग भरले. तळाचा ओंजळभर गाळ तसाच राहू दिला.

अप्पांनी खिशातून गुळाचा खडा काढला, तो दाताखाली धरला आणि घोट घेतला. कड्याखाली धुकं होतं. मी माझा मग तोंडाला लावला. बिया जुन्या झाल्या होत्या, वास पूर्वीसारखा भरून येत नव्हता. पण कडूपणा मागं थांबलेला होता, आणि शेवटी जिभेवर जे राहिलं ते मी ओळखलं.

"अशी?" अप्पांनी विचारलं.

"जवळपास अशीच."

त्यांनी मान हलवली. मग तोंड दुसरीकडे करून स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले. मी माझ्या मगातली थोडी त्यांना ओतू लागलो तेव्हा मगावर हात ठेवून "साकु" म्हणाले. पुरे. तीही दुसऱ्या मगाला हेच म्हणायची.

उतरताना ते एकदाच बसले.

पाकीट संपलं आहे. पातेलं, दोन मग, शेगडी आणि रुमाल माझ्याकडे आहेत. रुमालावरचा डाग धुऊन निघालेला नाही.