तिच्या डोक्यातल्या गाठी

बायकोचं बारावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी नि माझा मेहुणा मनोरच्या बाजाराला निघालो. तिथं डुकराचं मटण भाजून विकणाऱ्याचे पाय मोडायचे होते. बायकोला दोन वर्षं फिट यायची. शेवटची थांबलीच नाही. डोक्यात गाठी होत्या, डुकराच्या जंताच्या, एवढंच माझ्या कानावर पडलेलं. मला पुरेसं होतं.

मी त्याच्या आईबापाचा उद्धार केला, तरी तो मटणवाला घाबरला नाही. म्हणाला, "काका, तुमची बाय माझ्याकडं कवा आली? डुकराचं नाव काढलं तरी थुकायची. खायचे तुमी. वर सांगायचे, जास्त भाजू नको, चव जाते."

मेहुण्याचा उगारलेला हात खाली आला. खरंच, तिनं जन्मात तो तुकडा तोंडात घातला नव्हता. मग डॉक्टरच खोटं बोलले असतील! तोच राग घेऊन आम्ही पालघरला, तिला ठेवलं होतं त्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी आमचं ओरडणं संपू दिलं. मग म्हणाल्या, "आजोबा, हे दोन वेगळे आजार. मटणात बारीक गाठी असतात. ते कच्चं खाल्लं की आतड्यात पट्टीसारखा लांब जंत वाढतो. गाई-म्हशीच्या मटणातलाही वाढतो, पण त्याच्यानं मेंदूत गाठी होत नाहीत. डुकराचा जंत मात्र वाईट. ज्याच्या पोटात तो आहे त्याच्या शौचातून अंडी पडतात. न धुतलेल्या हातानं, भाजीपाण्यातून ती कुणाच्या तोंडात गेली, की त्याच्या मेंदूत गाठी. त्याला मटण खावं लागत नाही. घरात कुणाच्या शौचातून पांढरे चपटे तुकडे पडायचे का?"

"नाय ओ," मेहुणा म्हणाला.

पडायचे, माझ्याच. लाजेनं कुणाला बोललो नव्हतो. दुखत नव्हतं, मग सांगायचं कशाला? बायकोचे सांधे धरले तेव्हापासून पाट्यावर चटणी मीच वाटायचो. शेतावरून यायचो, टमरेल ठेवायचो आणि तसाच वाटायला बसायचो. ती बोटानं चाटून म्हणायची, "तुमच्या हाताला चव हाय."

मेहुणा बाहेर गेल्यावर बाईंना सांगितलं. माझ्या तपासणीत डुकराचाच जंत निघाला. बाई म्हणाल्या, "तुमच्यामुळंच झालं असं ठाम सांगता येत नाही. बाहेरूनही होतं." मला ती दया नको होती. पाय मोडायला माणूस हवा होता, तो सापडला.

दवाखान्याबाहेर मेहुण्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "मार."

त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. "भावोजी, त्या मटणवाल्याच्या आईबापाचा उद्धार केलात. कवा साबण लावला असता तर?" एवढं बोलून तो एसटीत चढला. तेव्हापासून घरी आला नाही.

गोळ्या घेतल्या. माझ्या पोटातला जंत मेला. मेहुण्यानं त्या दिवशी मला मारलं नाही, त्याचा राग अजून आहे.