गोळी बंद केली, हे सांगायचं राहिलं

सौदीतल्या दम्माम शहरातल्या आमच्या फ्लॅटच्या न्हाणीघरात आरसा लहान होता, पण त्या सकाळी मला जेवढं दिसलं तेवढं पुरेसं होतं. हनुवटीवर, जबड्याच्या कडेनं थेट कानापर्यंत लाल, दुखरे फोड. नाक असं चकाकत होतं की जणू नुकतंच तेल चोळलंय. माझं वय तिशीच्या आसपास, पदरात शाळेत जाणारा मुलगा, आणि तोंड मात्र कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलीचं. मी दार लावून पुन्हा पाहिलं. तेच.

मुलगा झाल्यानंतर मी गर्भनिरोधक गोळी सुरू केली होती. सुरुवातीचे एक-दोन महिने मळमळलं, गालावर थोडे फोडही आले, मग सगळं निवळलं. पुढची वर्षं माझी त्वचा इतकी कोरडी राहिली की आंघोळीनंतर गाल ताणायचे आणि ओठांच्या कडेला पापुद्रे सुटायचे. मी रोज साय लावायचे. हे सगळं एसीमुळे आणि वाळवंटातल्या हवेमुळे होतं, असं मी धरून चालले होते. गोळीचा तोंडाशी काही संबंध असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं.

त्या वर्षी आम्ही दुसऱ्या मुलाचं ठरवलं. तेलाची तेजी होती, नवऱ्याचं कंत्राट वाढलं होतं, यापेक्षा चांगली वेळ कुठली? गोळी बंद केली. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग चेहरा तेलकट व्हायला लागला. उशीच्या अभ्र्यावर डाग पडायचे, चष्मा नाकावरून घसरायचा.

नवरा म्हणाला, "अगं, कंपनी एवढ्या लांब तेलाच्या विहिरी खणतेय, इथे घरातच सापडलं की!"

"हसा," मी म्हटलं. "उद्या फोड तुमच्या नाकावर येऊ देत, मग बघते."

वरच्या मजल्यावर रत्नागिरीच्या एक वहिनी राहायच्या. त्यांनी दारातच निकाल दिला. "पाणी! इथलं नळाचं पाणी खारट. तोंड धुवायला गोडं पाणी वापर. माझ्या धाकट्या जावेचं असंच झालेलं." मग नवरा प्यायच्या पाण्याचा जास्तीचा कॅन खांद्यावरून तीन मजले चढवून आणू लागला आणि मी त्या महागाच्या पाण्यानं तोंड धुवायला लागले. फोड वाढतच राहिले.

शेवटी कंपनीच्या दवाखान्यात गेलो. त्वचेचे डॉक्टर इजिप्तचे होते, सभ्य आणि थकलेले. त्यांनी माझा चेहरा दिव्याखाली पाहिला आणि मग प्रश्न विचारले ते माझ्या नवऱ्याला. तिथे तशीच पद्धत होती. मी अबायाच्या काळ्या झग्यात खुर्चीवर, नवरा शेजारी, आणि माझ्या तोंडाबद्दलचं सगळं बोलणं माझ्या डोक्यावरून.

"सध्या काही औषध घेतात का?"

"नाही, डॉक्टर. काहीच नाही."

हे खरंच होतं. सध्या काही घेत नव्हते.

"गरोदर?"

नवऱ्याचे कान लाल झाले. बायकोच्या पाळीबद्दल परक्या पुरुषाशी बोलायचं म्हणजे त्याला कपडे काढून उभं राहिल्यासारखं वाटत असावं. "नो, नो," तो घाईनं म्हणाला. मलाही ते खोटं वाटलं नाही. त्या महिन्यात पाळी आली नव्हती, पण गोळी सोडल्यावर पाळी मागंपुढं होते, असं मी ऐकून होते. तसंच असेल, म्हणून मी गप्प बसले.

डॉक्टरांनी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या. रिकाम्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर, आणि दूध-दही त्याच्या आसपास अजिबात नाही, नाहीतर औषध लागू पडणार नाही. मी सांगितलेलं पाळणारी बाई आहे. चहातलं दूध तोडलं, ताक बंद केलं.

कॅप्सूलनं पोट ढवळायला लागलं. सकाळी उठलं की उमासा. फोडणीचा वास नको वाटायचा. वहिनी म्हणाल्या, "औषध उष्ण पडलं." मीही तेच मानलं. रिकाम्या पोटी घ्यायचं औषध आहे, पोटाला झोंबणारच. चेहरा थोडा बरा दिसायला लागला होता, त्यामुळे बंद करायचं मनात आलं नाही.

वांत्या मात्र थांबेनात, तेव्हा वहिनींनी मला सरकारी दवाखान्यातल्या त्यांच्या ओळखीच्या बाईंकडे नेलं. पुण्याच्या डॉक्टर, बायकांच्या विभागात. पुरुषांना तिथे प्रवेशच नव्हता, त्यामुळे नवरा बाहेर बाकावर. पहिल्यांदाच कुणी मला थेट विचारत होतं.

"काय घेतेस?"

मी कॅप्सूल दाखवल्या.

"कशासाठी?"

"तोंडावर फोड आले म्हणून. गोळी सोडल्यापासून."

"कुठली गोळी?" मग त्यांनी चष्मा काढला. "थांब. गोळी का सोडलीस?"

"दुसरं मूल हवं होतं म्हणून."

"आणि पाळी?"

मी सांगितलं. त्यांनी कॅप्सूलची बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि टेबलाच्या खणात टाकली. लघवीची तपासणी झाली. डॉक्टर परत आल्या आणि म्हणाल्या, "बाई गं, दिवस गेलेत तुला. आणि तू टेट्रासायक्लिन खातेयस."

वहिनी "अगं बाई" म्हणून खाली बसल्या.

"काय होतं त्यानं?"

"मुलाच्या दातांवर पिवळे-करडे डाग पडतात, हाडांतही बसतं ते. पण ऐक आधी. दात घडायला लागतात ते चौथ्या महिन्याच्या पुढे. तू त्याच्या बरीच आधी आहेस. आजपासून एकही घ्यायची नाही. आणि दूध पी, मुली. दूध कुणी बंद केलं तुझं?"

"त्या डॉक्टरांनी."

"त्यांना कुणी सांगितलं का, मूल हवंय म्हणून?"

मी नकारार्थी मान हलवली.

मग त्यांनी फोडांचं सांगितलं. प्रत्येक बाईच्या अंगात थोडं पुरुषी संप्रेरक असतं, ते त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींना हाकत असतं. माझ्या गोळीनं त्याला लगाम घातला होता, म्हणून चेहरा कोरडा आणि स्वच्छ. गोळी सुटली, लगाम सुटला. "काहींचं उलटं होतं. गोळी सुरू केली की फोड येतात. गोळ्या वेगळ्या, बायका वेगळ्या. बहुतेकींचं काही महिन्यांत आपोआप बसतं. आणि गोळी सोडल्यावर पाळी चुकली तर आधी दिवस गेलेत का ते बघायचं, गोळीवर ढकलायचं नाही."

म्हणजे इतकी वर्षं वहिनींसकट सगळ्या जणी ज्या नितळ चेहऱ्याचं कौतुक करत होत्या, तो गोळीचा होता. माझा खरा चेहरा हा. हा धक्का मी त्या दिवशी नंतरसाठी ठेवून दिला.

बाहेर नवरा उठून उभा राहिला. मी त्याला सगळं सांगितलं, आनंदाचंही आणि दुसरंही. तो परत बाकावर बसला. मग म्हणाला, "मी 'नो' म्हणालो."

"मीही ऐकून घेतलं," मी म्हटलं. "चला, दूध घ्यायचंय."

पुढचे महिने फोड होतेच, कमी-जास्त. मी साबणानं तोंड धुवायचे आणि आरशात बघायचे नाही. चिंता तोंडाची नव्हतीच. कंपनीच्या दवाखान्यात परत गेले तेव्हा डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहून विचारायला सुरुवात केली, तर नवराच म्हणाला, "प्लीज, तिला विचारा." त्यांनी विचारलं. मी मोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं. इमारत काही कोसळली नाही.

मुलगी झाली. तिच्या खालच्या हिरडीवर पहिला दात लागला, तेव्हा मी वाटीनं वाजवून पाहिला आणि तिला खिडकीत उजेडाकडे नेलं. नवरा दाराशी उभा, पुढे यायला धजेना.

"कसा आहे?"

मी तिचा ओठ बोटानं खाली ओढला, नीट पाहिलं, आणि पुन्हा एकदा पाहिलं.

"पांढरा," मी म्हटलं. "या, बघा."