दोन जन्मतारखा

पत्रिकेप्रमाणे मला अठरा पूर्ण झाली, त्या दिवशी अप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझ्या नावाने चाळीस हजारांचा चेक लिहिला. माझी अकरावीची, म्हणजे तेव्हाची मॅट्रिकची, परीक्षा नुकतीच झाली होती. घरातले मोठे काका, ज्यांना आम्ही दोड्डप्पा म्हणायचो, त्यांनी आधीच बजावलं होतं की मुलीला पुण्यात ठेवायचा खर्च घरातून व्हायचा नाही. म्हणून अप्पांनी ही वाट काढली. पैसे माझे, व्याज माझं, फीही माझ्याच पैशातून.

ते पैसे एका सूतवाल्यांच्या पेढीत बारा टक्क्यांनी ठेवले. आमचे टॅक्सचे वकील तेव्हा घरी आले होते. बायकोला किंवा अठराच्या आतल्या, अज्ञान मुलाला पैसे दिले तर त्याचं व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, मुलगी सज्ञान असली की तसं नाही, हे त्यांनी सांगितलं. माझ्या एवढ्याशा व्याजावर तर करच लागणार नव्हता. अप्पांनी गिफ्ट टॅक्स भरला. दोन वर्षं इथल्या कॉलेजात काढायची, तोवर व्याज साठवायचं, मग पुणे. मी वसतिगृहाचं माहितीपत्रक मागवून घेतलं आणि कुणाला न सांगता पुस्तकात ठेवलं.

माझं वय वकिलांनी विचारलं होतं. अप्पांनी पत्रिका दाखवली. शाळेचा दाखला काढावा, असं कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मी आधी दोन वर्षं घराजवळच्या मराठी शाळेत गेले होते. मग अप्पांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घालायचं ठरवलं. तिथे पहिलीत पाच-सहा वर्षांचीच मुलं घेत, मला सात पूर्ण झाली होती. माझा जन्म अव्वाच्या, म्हणजे आईच्या, माहेरी, वैरागला, घरीच झालेला. नोंद कुठेच नव्हती. अप्पांनी अर्जात दोन वर्षं कमी लिहिली आणि दिवसाच्या जागी एक जून. वर्गात मी सगळ्यांत उंच होते. घरी पत्रिकेप्रमाणे वाढदिवस, शाळेत एक जून. त्यात मला कधी काही वेगळं वाटलं नाही.

दोन वर्षांनी, मार्चमध्ये, आदल्या वर्षाच्या तपासणीसाठी अप्पांना इन्कम टॅक्सच्या ऑफिसात बोलावलं. पेढीच्या वह्यांत माझं नाव सापडलं होतं. मलाही यायला सांगितलं. दोड्डप्पाही आले.

अधिकारी हळू बोलणारे होते. अप्पांनी पत्रिका पुढे केली. त्यांनी ती पाहिली, नीट घडी घालून परत दिली, आणि मागवून घेतलेलं मॅट्रिकचं प्रमाणपत्र माझ्यासमोर ठेवलं. वकिलांनी मुलगी वैरागला घरीच जन्मल्याचं, नोंद नसल्याचं सांगून पाहिलं. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि मग माझ्याशी इंग्रजीत बोलले. परीक्षेचा फॉर्म मी स्वतः भरला होता का, त्यावरची तारीख माझ्या हातची आहे का.

अप्पा टेबलाच्या कडेकडे पाहत होते. मी नाही म्हणावं, असं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. हो म्हणावं, असंही नाही.

"येस, सर," मी म्हणाले.

बाकीचं त्यांनी लिहून काढलं. चेक लिहिला तेव्हा मी सोळाची होते. त्या वर्षाचं व्याज अप्पांच्या उत्पन्नात धरलं गेलं, आणि पुढच्या वर्षाचंही तसंच होणार होतं. अप्पांच्या दराने त्यातलं निम्म्याहून जास्त करात जाणार होतं. जाता जाता अधिकाऱ्यांनी घरातल्या बायका-मुलांच्या नावावरच्या सगळ्या ठेवींची यादी मागितली.

घरी दोड्डप्पा ओरडले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "पोरीच्या पुण्यापायी सगळं घर हापिसात उघडं पडलं की." अव्वाने त्यांना भाकरी वाढली. यादीत काकूंची नावं होती, माझ्या चुलत भावांची होती. सगळ्या ठेवी मोडून पैसे घरच्या दुकानात आणायचे, असं ठरलं. माझीही.

माझी ठेव तेवढी लगेच मोडता आली नाही. वकील म्हणाले, पैसे मुलीचे आहेत, ते दुकानाला कर्जाऊ द्यायचे तर तिचीच सही लागेल. आणि कागदावर ती अजून अज्ञान आहे. एक जूनपर्यंत थांबा, मग तिची सही चालेल. त्याच दिवसापासूनचं व्याज तिचं स्वतःचं धरलं जाईल, हेही त्यांनी सांगितलं. दोड्डप्पांनी फक्त पहिलं ऐकलं.

एक जूनला दुपारी अप्पांनी मला दुकानात नेलं. गठ्ठ्यांमागच्या गादीवर कागद तयार होता. उन्हामुळे शटर अर्धं ओढलेलं होतं. अप्पांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

"आज तू सज्ञान झालीस," ते म्हणाले.

मी सही केली. खाली जन्मतारखेची जागा होती. तिथे मी शाळेतली तारीख लिहिली.

त्या आठवड्यात मी इथल्याच कॉलेजात पुढच्या वर्षाची फी भरली.