बाबांचा सदरा आणि आत्याची तीन भांडी

बाबांच्या पांढऱ्या सुती सदऱ्याच्या काखेत घामाचे पिवळट डाग पडले होते. भजनाला तोच घालायचे. एका रविवारी भांडुपच्या आमच्या घरी मी त्या डागांवर क्लोरीनचं ब्लीच ओतलं, पाणी न मिसळताच. थोड्या वेळानं पाहिलं तर डाग आणखी गडद पिवळे. चिडून मी बाथरूमची फरशी घासायच्या ॲसिडची बाटली उचलली.

"ठेव ती खाली!" दारातून आत्या ओरडली. ती वाकोल्याहून नुकतीच आली होती. एका प्रसूतिगृहाच्या चादरी, कोट धुण्यात तिची वीस वर्षं गेली होती. "ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की विषारी वायू होतो. आमच्याकडच्या एका बाईनं केलं होतं, श्वास घेता येईना तिला. खिडकी उघड आधी."

मग तिनं सदरा चार-पाच पाण्यांतून खळबळून काढला. मी विचारलं, "पण डाग वाढला कसा गं? ब्लीच ना ते?"

"घामाच्या डागावर क्लोरीन असंच करतं कधीकधी. आणि नुसतं ओतलंस तर सूतही कुजतं."

मला राहवेना. रंगीत कपड्यावर ब्लीच काय करतं ते बघायला मी जुनी मरून रंगाची सुती कुर्ती आणली. आत्यानं हातमोजे चढवले आणि तीन भांडी मांडली. पहिल्यात भरपूर गार पाणी आणि थोडंसं क्लोरीन ब्लीच. दुसऱ्यात कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीचची पावडर. तिचे बारीक बुडबुडे फसफसत वर येत होते. तिसऱ्यात नीळ.

कुर्तीच्या आतल्या शिवणीवर तिनं पहिल्यातला थेंब टाकला. बघता बघता तिथे नारिंगी ठिपका उमटला. दुसऱ्यातला थेंब थोडा लांब टाकला, दहा मिनिटं थांबली, पांढऱ्या फडक्यानं टिपला. फडकं कोरं, कुर्तीचा रंग जागेवर.

"म्हणजे रंगीत कपड्याला हे बिनधास्त चालतं?"

"बिनधास्त काही नाही. प्रत्येक कपडा आधी असाच तपासायचा. रेशमाला, लोकरीला दोन्ही नकोत."

"आणि नीळ?"

"नीळ डाग काढत नाही, गो. पिवळेपणा डोळ्यांपासून लपवते फक्त."

स्वच्छ खळबळलेला सदरा दोन तास दुसऱ्या भांड्यात बुडवून ठेवला. मी दर पाच मिनिटांनी डोकावत होते. डाग फिके होत गेले, पण पुसट सावली राहिलीच. शेवटी तिसऱ्या भांड्यातली नीळ गाळून बादलीभर पाण्यात मिसळली आणि त्यातून सदरा चटकन काढला, तेव्हा ती सावली अगदी निरखून पाहिल्याशिवाय दिसेना.

संध्याकाळी बाबा सदरा घालून आरशासमोर उभे राहिले. हात वर केला, खाली केला.

"नवा आणलात की काय?"

आत्या हसली. मी मात्र खरं काय ते सगळं सांगून टाकलं, ॲसिडच्या बाटलीसकट.